मेमरी कार्ड टाकलं तरी फोन भरलेलाच! फोटो, डाऊनलोड, अ‍ॅप्स कार्डवर कसे न्यायचे आणि काय जातच नाही?

सायली_ध

नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून धागा काढतेय. फोन अँड्रॉइड, ३२ जीबीचा. रोज "स्टोरेज फुल" म्हणून बोंब मारायचा म्हणून ६४ जीबीचं मेमरी कार्ड टाकलं. मला वाटलं आता ३२ अधिक ६४ म्हणजे ९६ जीबी, आता काय चिंता नाही. कसलं काय! कॅमेऱ्याचे सगळे फोटो कार्डवर टाकले, चार अ‍ॅप पण हलवले, आणि आत्ता सेटिंगमधे बघते तर फोनमधे रिकामी जागा ०.८ जीबी. स्टोरेजचा आकडा असा दिसतो: सिस्टम १२.४, अ‍ॅप्स १०.८, फोटो-व्हिडिओ ५.१, ऑडिओ ०.६, इतर २.३. कार्डवर मात्र जेमतेम अडीच जीबी वापरलेत, बाकी सगळं मोकळं पडलंय. अजून एक, गॅलरीत प्रत्येक फोटो आता दोनदोनदा दिसतोय. कार्ड खराब आहे का माझं काही चुकतंय?

घाईतला

सोप्पंय. कार्ड "इंटर्नल स्टोरेज" म्हणून फॉरमॅट कर. मग फोन आणि कार्ड एकच होतं, अ‍ॅप डेटासकट जातात. मी केलंय, मस्त चाललंय. दोन मिनिटांचं काम.

आजोबा_ऑनलाइन

माझाही हाच प्रश्न आहे. माझे सगळे नंबर कार्डवर सेव्ह करायचे आहेत पण २५० च्या पुढे घेत नाही. मेमरी कार्ड टाकलं की वाढेल का?

तिरकस

आजोबा, ते सिम कार्ड. हे दुसरं कार्ड. नंबर गुगल अकाउंटवर सेव्ह करा, तिथे २५० ची भानगड नाही. आणि सायली, त्या घाईतल्याचं नाव बघ आणि मग ठरव काय ते :)

दुरुस्तीवाला

सायली थांब, फॉरमॅट अजिबात करू नकोस. फॉरमॅट केलं की कार्डावरचं सगळं पुसलं जातं, आणि तू आत्ताच तिथे फोटो टाकलेत. फोनवरचे उडवले असतेस आणि मग हे केलं असतंस तर दोन्हीकडून गेली असतीस.

तुझं कार्ड मला तरी ठीक वाटतंय. गॅलरीत दोनदा दिसतात याचा अर्थ सरळ आहे, तू फोटो हलवले नाहीस, कॉपी केलेस. फाइल मॅनेजरमधे Copy आणि Move शेजारी शेजारी असतात, घाईत हमखास चुकतं. म्हणजे मूळ फोटो अजून फोनमधेच बसलेत. पण एका अर्थी बरंच झालं, मी तर मुद्दाम कॉपीच करतो. Move करताना मधेच फोन आला, बॅटरी गेली, कार्ड हललं तर अर्ध्या फाइल इकडे अर्ध्या तिकडे होतात. आधी कॉपी, मग तपासणी, मग फोनवरून डिलीट.

तपासणी अशी कर. फाइल मॅनेजरमधे फोनच्या मेमरीत DCIM मधलं Camera फोल्डर दाबून धर, Properties किंवा File info बघ, किती फाइल आणि किती जीबी ते लिहून घे. मग कार्डवरच्या Camera फोल्डरचं तेच बघ. आकडे जुळले पाहिजेत. त्यानंतर कार्डवरचे दहाबारा व्हिडिओ उघडून पूर्ण चालतात का बघ, नुसती लघुप्रतिमा दिसली म्हणजे फाइल धड आहे असं नाही. आकडे सांग इथे.

सायली_ध

बापरे, वाचले म्हणायचं, फॉरमॅटचं पान उघडून बसले होते!!

फोनवर Camera मधे ११४३ फाइल, २.२ जीबी. कार्डवर ११३१ फाइल. बारा कमी आहेत?? जीबी मात्र तिथेही २.२ च दिसतंय. कुठे गेल्या त्या?

दुरुस्तीवाला

कुठे गेल्या नाहीत, पोचल्याच नाहीत. कॉपी चालू असताना स्क्रीन बंद झाली असेल नाहीतर दुसरं अ‍ॅप उघडलं असशील, काही फोनमधे बॅटरी वाचवायला सिस्टम फाइल मॅनेजरला मधेच गप्प बसवते आणि सांगतही नाही. बारा छोटे फोटो म्हणजे पन्नासेक एमबीसुद्धा नसतील, म्हणून जीबीत फरक दिसत नाही, म्हणूनच मी फाइलची संख्या बघायला सांगतो. त्या बारा शोधत बसू नकोस. तेच फोल्डर परत कॉपी कर, "ही फाइल आधीच आहे" असं विचारेल तेव्हा Skip दे आणि "सगळ्यांना लागू" वर टिक कर. संपेपर्यंत स्क्रीन चालू ठेव.

सायली_ध

झालं! दोन्हीकडे ११४३. व्हिडिओ पण चालले. मग गॅलरीतून डुप्लिकेट उडवू ना?

दुरुस्तीवाला

गॅलरीतून नको. गॅलरीत दोन सारखे फोटो दिसतात त्यातला कुठला फोनचा नि कुठला कार्डचा ते वरून कळत नाही. आणि गुगल फोटोजचं बॅकअप चालू असेल तर तिथून डिलीट केलेला फोटो क्लाउडमधूनही कचऱ्यात जातो. फाइल मॅनेजर उघड, "Internal storage" मधे जा, DCIM, Camera, तिथून डिलीट कर. आता कुठे आहेस ते वरच्या ओळीत दिसतं, ते दोनदा वाच.

सायली_ध

केलं डिलीट. ११४३ फाइल गेल्या. गॅलरीत एकेकच दिसतायत आता. आणि रिकामी जागा... ०.८ जीबी!!! मी फोन भिंतीवर मारणारे.

तिरकस

मारू नकोस, कार्ड हलेल.

निळी_शाई

ट्रॅश बघितलंस का? माझ्याकडे पण असंच झालेलं. फाइल मॅनेजरचं वेगळं आणि गॅलरीचं वेगळं ट्रॅश असतं आणि दोन्ही ३० दिवस सगळं धरून बसतात.

सायली_ध

होतं! तिथेच होतं सगळं. रिकामं केलं आणि आता ३.० जीबी. निळी_शाई तुला साष्टांग नमस्कार.

आता अ‍ॅपचं सांगा कोणीतरी. चार अ‍ॅप "Move to SD card" केले तर मिळाली जेमतेम अडीचशे एमबी. त्यात मुलाचा एक गेम आहे तो एकटाच १.४ जीबीचा आहे, तो हलवला तरी फोनमधे तेवढाच दिसतो. आणि बँकेचं अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, कीबोर्ड यांना तर ते बटणच नाही.

घाईतला

म्हणूनच म्हणत होतो इंटर्नल फॉरमॅट कर. किंवा डेव्हलपर ऑप्शन चालू करून त्यात "Force allow apps on external" ऑन कर, मग सगळ्याच अ‍ॅपना बटण येतं.

दुरुस्तीवाला

घाईतला अर्धं बरोबर बोलतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सायली, त्या गेमच्या पानावर जा: सेटिंग, अ‍ॅप्स, गेम, स्टोरेज. तिथे वेगवेगळे आकडे असतात, अ‍ॅपचा आकार, युजर डेटा आणि कॅश. मला वाटतं अ‍ॅपचा आकार शंभर एमबीच्या आसपास असेल आणि बाकी सगळा युजर डेटा. साध्या पद्धतीने लावलेल्या कार्डवर जेव्हा अ‍ॅप हलवतो तेव्हा जाते ती मुख्यतः अ‍ॅपची इन्स्टॉल फाइल, म्हणजे apk. त्याचा खाजगी डेटा, डेटाबेस, आणि फोनने ते अ‍ॅप पटकन चालावं म्हणून तयार करून ठेवलेल्या फाइली फोनमधेच राहतात. गेमने नंतर उतरवलेल्या लेव्हली त्या डेटात आहेत. थोडक्यात तू पाटी हलवलीस, दुकान तिथेच आहे.

आता बटण का नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याने अ‍ॅपमधे लिहून ठेवावं लागतं की हे कार्डवर गेलं तरी चालेल. काहीच लिहिलं नाही तर फोन धरतो की फक्त फोनच्या मेमरीत. आणि बऱ्याच जणांनी ते मुद्दामच लिहिलेलं नसतं. फोन रीस्टार्ट केला की कार्ड थोडं उशिरा जागं होतं. तेवढ्या वेळात कीबोर्ड कार्डवर असेल तर टाइप कशाने करणार? अलार्म लावणारं अ‍ॅप, होमस्क्रीनवरचं विजेट, सतत मागे चालणारं काही, लाइव्ह वॉलपेपर, ही सगळी मंडळी कार्डवर गेली की लंगडतात. कार्ड काढलं की अ‍ॅप तिथल्या तिथे बंद पडतं. घाईतल्याने सांगितलेलं ते ऑप्शन बनवणाऱ्याची मनाई बाजूला ठेवतं, हे खरं, पण ही अडचण सोडवत नाही. आणि फोन कंपनीने अ‍ॅप कार्डवर न्यायची सोयच काढून टाकली असेल तर त्या ऑप्शनचा काही उपयोग होत नाही.

सायली_ध

अगदी! अ‍ॅप साइज ९६ एमबी, युजर डेटा १.३ जीबी. म्हणजे गेम ठेवायचा तर जागा जाणार. मुलगा एकशे चाळिसाव्या लेव्हलवर आहे, उडवला तर मला घरातून काढेल.

दुरुस्तीवाला

लेव्हल अकाउंटवर सेव्ह होत असेल तर उडवून परत टाकता येतो, पण आधी तो गेम कुठल्या खात्याला जोडलाय का ते गेमच्या सेटिंगमधे बघ. जोडला नसेल तर हात लावू नकोस.

घाईतला

पण माझ्याकडे इंटर्नल फॉरमॅट करून दीड वर्षं झालं, काही लंगडत नाही. गेमचा डेटा पण कार्डवर गेला. उगाच घाबरवू नका लोकांना.

निळी_शाई

घाईतला, मी लिहिणार नव्हते पण लिहिते. मी पण तसंच फॉरमॅट केलं होतं. दोन वर्षं छान चाललं. मग गेल्या महिन्यात फोन पाण्यात पडला आणि मेला. मी निवांत, कारण फोटो कार्डवर होते. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर म्हणतो हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? दुसऱ्या फोनमधे टाकलं तर तोही फॉरमॅटच करायला सांगतो. मी काहीच केलेलं नाहीये, कार्ड तसंच पाकिटात ठेवलंय. काही होऊ शकतं का? दुरुस्तीवाला, प्लीज बघा.

दुरुस्तीवाला

फॉरमॅट केलं नाहीस हे फार चांगलं केलंस. पण खोटी आशा लावत नाही. कार्ड इंटर्नल म्हणून घेतलं की फोन त्यावरचं सगळं कुलूपबंद करतो आणि किल्ली त्या फोनमधेच राहते. कार्डाची कॉपी काढली तरी कुलूप तसंच. फोटो परत मिळवणारी सॉफ्टवेअर विकतात त्यांचा इथे उपयोग नाही, ती पुसलेली फाइल शोधतात, कुलूप उघडत नाहीत. म्हणजे वाट एकच, तोच फोन परत चालू होणं. पाण्याने डिस्प्ले किंवा बॅटरी किंवा चार्जिंगचा भाग गेला असेल तर दुरुस्त होऊन तो चालू होऊ शकतो आणि मग तेच कार्ड त्यात टाकून फोटो काढता येतील. दुरुस्तीला देताना एवढं नक्की सांग: रीसेट करायचा नाही, आणि मदरबोर्ड बदलायचा नाही. यातलं काहीही झालं की किल्ली गेली.

घाईतला, तुझं दीड वर्ष छान गेलं, मान्य. पण तुझे फोटो आत्ता फक्त त्या कार्डवर असतील तर आजच कुठेतरी दुसरीकडे एक प्रत कर. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून ही सोय आहे, आणि ज्या फोनला पोटात जागाच कमी त्याला ती उपयोगी पण आहे. फक्त मग कार्ड चांगलं वेगवान लागतं, त्यावर A1 किंवा A2 लिहिलेलं असतं ते बघायचं. हळू कार्डावर अ‍ॅप उघडायलाच वेळ लागतो आणि लोक म्हणतात फोन म्हातारा झाला.

घाईतला

कार्डावर नुसतं 10 लिहिलंय गोलात. आणि फोटो... हो, तिथेच आहेत. बघतो आज.

निळी_शाई

धन्यवाद. फोन आधीच एकाकडे दिलाय, तो म्हणाला बोर्ड बदलावा लागेल. त्याला आत्ता फोन करते.

सायली_ध

निळी_शाई, मिळोत गं फोटो. कळव इथे.

मी एक उद्योग करून बसलेय. व्हॉट्सअ‍ॅपला हलवायचं बटण नाही म्हटल्यावर मी फाइल मॅनेजरने त्याचं इमेजेसचं फोल्डर उचललं आणि कार्डवर मूव्ह केलं. आता गॅलरीत फोटो दिसतात पण चॅट उघडलं की सगळे धूसर, दाबलं की फाइल सापडत नाही म्हणतं. आईने पाठवलेले जुने फोटो चॅटमधे हवेत मला.

दुरुस्तीवाला

काही बिघडलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या ठरलेल्या जागीच फाइल शोधतं, कार्डवर बघत नाही आणि कार्ड दाखवायची सेटिंगही त्यात नाही. जिथून उचललं तिथेच, त्याच नावाने परत ठेव, चॅट परत नीट होतील. नव्या फोनमधे जागा ही:

```
Internal storage/Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

जे चॅटमधे हवंय ते तिथेच राहू दे. जे नुसतं जपायचंय, चॅटमधे नाही दिसलं तरी चालेल, ते कार्डवर ने. तुला जागा मिळेल ती Media मधल्या WhatsApp Video मधे, खास करून त्यातल्या Sent फोल्डरमधे. तू स्वतः काढलेला व्हिडिओ कोणाला पाठवलास की त्याची आणखी एक प्रत तिथे बसते, मूळ तुझ्या कॅमेऱ्यात असतोच.

आणि Media च्या शेजारी Databases फोल्डर आहे, त्यात msgstore नावाच्या फाइल असतात. रोजच्या चॅट बॅकअपच्या त्या प्रती, साधारण आठवडाभराच्या ठेवतात. नावात तारीख नसलेली सगळ्यात ताजी. ती आणि शेवटच्या तारखेची एक ठेव, जुन्या कार्डवर ने किंवा उडव.

सायली_ध

फोटो परत ठेवले, आईचे दिसले! Sent मधे ०.५ जीबी निघालं, सगळे व्हिडिओ कॅमेऱ्यात होते ते बघून उडवले. ग्रुपवरचे जुने व्हिडिओ १.१ जीबी कार्डवर नेले. msgstore च्या सात फाइल होत्या, एकेक १८० एमबीची, पाच काढल्या. आणि या वेळी न सांगता ट्रॅश रिकामं केलं. आता रिकामी जागा ५.५ जीबी. एवढी जागा फोन घेतल्यापासून बघितली नव्हती.

फक्त कार्डवर नेलेले व्हिडिओ गॅलरीत सगळे आजच्या तारखेला येतायत. २०१९ चे पण आज.

तिरकस

कॉपीऐवजी मूव्ह केलं की तारीख टिकते.

निळी_शाई

माझ्याकडे मूव्ह करूनही गेलेली.

दुरुस्तीवाला

फाइल मॅनेजरवर आहे ते, कोणी टिकवतं कोणी नाही. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख फोटोच्या आतच असते म्हणून ते सहसा नीट लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यात ती उडालेली असते, पण नावात असते, VID-20190514-WA0003 असं. सायली, नावाप्रमाणे क्रम लाव, लागतील ओळीने.

सायली_ध

हां, लागले. शेवटचं विचारते, पुढचं सगळं आपोआप कार्डवर जाईल असं करता येतं का?

दुरुस्तीवाला

कॅमेऱ्याचं येतं. कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमधे Storage location आहे, ते SD card कर. पण बटण दाबून धरून एकामागोमाग फोटो काढलेस तर काही फोन ते तरीही फोनमधेच ठेवतात, कार्डाला तेवढा वेग झेपत नाही म्हणून. अधूनमधून DCIM बघत जा.

डाऊनलोडचं मी नाही करत. क्रोममधे Download location बदलता येतं, पण कार्ड निवडलं की फाइल जातात कार्डवरच्या Android/data मधल्या क्रोमच्या स्वतःच्या फोल्डरमधे. अ‍ॅप काढलं की ते फोल्डरही साफ, आणि नव्या अँड्रॉइडमधे ते फाइल मॅनेजरला नीट दिसत पण नाही. त्यापेक्षा फोनच्या Download मधे येऊ दे आणि महिन्याने हाताने हलव. आणि सिनेमा-गाण्यांच्या अ‍ॅपमधे जे डाऊनलोड करतो ते वेगळं प्रकरण. त्यातल्या बऱ्याच अ‍ॅपमधे कार्ड निवडता येतं, जागा वाचते, पण त्या फाइल त्याच अ‍ॅपमधे उघडतात. कार्ड दुसऱ्या फोनला लावून सिनेमा बघू म्हणशील तर नाही.

सिस्टमचे ते १२.४ जीबी कुठेही जात नाहीत, त्यावर वेळ घालवू नकोस.

आजोबा_ऑनलाइन

नंबर गुगलवर गेले. धन्यवाद. आता माझ्या फोनला मेमरी कार्डाची जागा कुठे असते ते सापडत नाहीये, सिमच्या ट्रेमधे दोनच खाचे आहेत.

तिरकस

आजोबा, दुसऱ्या खाचेत एकतर दुसरं सिम नाहीतर कार्ड, असं असतं बऱ्याच फोनमधे. दुसरं सिम वापरता का?

आजोबा_ऑनलाइन

हो. बँकेचे ओटीपी त्यावर येतात.

सायली_ध

धागा वर काढतेय. आज गेमचा अपडेट आला आणि तो गेम गुपचूप कार्डवरून परत फोनमधे आलाय. हे दर वेळी होणार का?

दुरुस्तीवाला

काही फोनमधे होतं, हो. ९६ एमबीसाठी किती वेळा ढकलत बसणार? राहू दे फोनमधे. निळी_शाई, बोर्डाचं काय झालं?

निळी_शाई

वेळेत फोन लागला, बोर्ड बदलला नाहीये. आता चार्जिंगचा भाग मागवलाय म्हणतो. आला की बघू.